रिकामी कास काय सांगते: बाजारातून पहिली दुभती म्हैस घेताना

चाळीसगाव, धुळे, सावदा किंवा वरखेडीच्या गुरांच्या बाजारात सकाळी चक्कर मारली तर जवळजवळ प्रत्येक म्हशीची कास टम्म फुगलेली दिसते. सड ताठ, कातडी ताणून चकचकीत. नवख्या माणसाची नजर तिथेच अडकते. खरं कारण साधं असतं: ती म्हैस काल संध्याकाळपासून, कधी कधी तर काल सकाळपासून पिळलेलीच नसते. कास तुंबवून बाजारात आणण्याची ही पद्धत इतकी सर्रास आहे की एकट्या विकणाऱ्यावर रागावण्यात अर्थ नाही. भरलेली कास पाहून किंमत ठरवायची नाही, एवढं मात्र पक्कं ठेवावं. पाहायची ती पिळून रिकामी झालेली कास.

हा लेख म्हशीबद्दल आहे, कारण खानदेशात फॅटवर दूध घालणारे पहिलं जनावर म्हणून बहुतेक म्हैसच बघतात. गाय घेणाऱ्यालाही यातलं बरंचसं लागू पडेल. फक्त दातांचा हिशेब गायीत थोडा लवकर सुरू होतो.

विकणारा साधारण चार गोष्टी सांगतो. कितव्या वेताची आहे, व्यायला किती दिवस झाले, दूध किती आणि स्वभाव कसा. या प्रत्येक गोष्टीचा साक्षीदार म्हशीजवळच असतो. वेताचा साक्षीदार दात, दिवसांचा साक्षीदार पारडू, दुधाचा साक्षीदार कास आणि स्वभावाचा साक्षीदार धार. चौघांची साक्ष जुळली तर सौदा बोलायचा. एकाची जरी फिरली तरी बाकीच्या तिघांकडे संशयाने बघायचं.

दात

म्हशीला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, आठ. वरच्या बाजूला नुसती कडक हिरडी असते. आधी दुधाचे बारीक, पांढरे दात असतात. ते जोडीजोडीने पडतात आणि त्यांच्या जागी रुंद, मोठे कायमचे दात येतात. म्हशीत पहिली जोडी साधारण अडीच ते तीन वर्षांत बदलते, मग दुसरी, तिसरी, आणि पाच-सहा वर्षांपर्यंत आठही दात बदलून म्हैस 'जुळते'. चारा आणि जातीप्रमाणे यात काही महिने इकडेतिकडे होतात.

आता हे वेताशी लावून बघा. आपल्याकडच्या म्हशी पहिल्यांदा व्यायला साडेतीन ते साडेचार वर्षं घेतात. म्हणजे पहिल्या वेताची म्हैस बहुधा चार दाती, फार तर सहा दाती असते. दोन वेतांत सव्वा ते दीड वर्षाचं अंतर पडतं, म्हणून दुसऱ्या वेताची म्हैस सहा दाती किंवा नुकती जुळलेली असायला हवी. 'दुसरं वेत' म्हणून दाखवलेल्या म्हशीचे आठही दात पूर्ण आणि वरून घासलेले असतील तर वेत खोटं सांगितलेलं आहे.

घासलेला दात ओळखणं अवघड नाही. नव्या दाताची कड पटाशीसारखी धारदार असते. जुळल्यानंतर झीज मधल्या जोडीपासून सुरू होते. कड सपाट होते आणि दाताच्या माथ्यावर पिवळसर पट्टी दिसू लागते. पुढे दात आखूड होतात आणि दातांमध्ये फटी पडतात. फटी दिसल्या की म्हैस म्हातारी, मग ती कितीही काळी आणि चकचकीत दिसो. अंगाला तेल लावायला दहा रुपये लागतात.

तोंड उघडताना म्हशीच्या बाजूला उभं राहायचं. एका हाताने नाकपुड्यांजवळ किंवा मोरखीला धरायचं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून आत घालायचा. पुढच्या दातांमागे आणि दाढांच्या पुढे दात नसलेली मोकळी जागा असते, अंगठा तिथेच जातो. ओठ खाली ओढून उजेडात बघायचं. शिंगांवरच्या वळ्या मोजून वय सांगणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नये. शिंग काचेने तासून गुळगुळीत करता येतं, शिवाय म्हशीच्या शिंगावर वळ्या लहानपणापासूनच असतात.

पहिलं जनावर दुसऱ्या वेताचंच घ्यावं असं आमचं मत आहे. पहिलारू म्हशीला माणसाच्या हाताची नीट सवय नसते आणि पुढे दूध किती वाढेल याचा अंदाज नसतो. दुसऱ्या वेतात कास आणि सवय दोन्ही दिसून येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या वेतातलं वाढीव दूध आपल्या पदरात पडतं.

पारडू

म्हैस साधारण दहा महिने दूध देते. व्याल्यानंतर दूध वाढत जातं, दुसऱ्या महिन्याच्या आसपास सर्वांत जास्त होतं आणि मग दर महिन्याला हळूहळू उतरतं. म्हणून व्यायला १५ दिवस ते एक महिना झालेली म्हैस घेण्यासारखी. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात वार अडकणे, अंग बाहेर येणे, कॅल्शियम कमी होऊन म्हैस बसून राहणे असे धोके जास्त असतात. ते विकणाऱ्याच्या गोठ्यात पार पडलेले बरे.

व्यायला सहा महिने झालेली म्हैस लहान पारडू बांधून 'ताजी' म्हणून विकली जाते, हा बाजारातला जुना प्रकार. पारडू मोकळं सोडायला सांगा. आई पारडू हुंगते, चाटते, हंबरते. परक्या पारड्याला म्हैस ढुशी देते किंवा त्याच्याकडे बघतही नाही. मग पारड्याची नाळ बघा. नाळ वाळून गळायला एक-दोन आठवडे लागतात, त्यानंतरही बेंबीवर खपली किंवा जाडसर गाठ जाणवते. पारडू आरामात कडबा चघळून रवंथ करत असेल आणि बेंबी पूर्ण गुळगुळीत झाली असेल, तर 'पंधरा दिवसांचं' म्हणणं खरं नाही.

म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वितात. त्यामुळे पोळ्यापासून दिवाळीनंतर महिनाभरापर्यंत ताज्या म्हशींची निवड मोठी असते. एप्रिल-मेमध्ये ताजी म्हैस कमी मिळते. त्यात खानदेशचा उन्हाळा म्हशीचं दूध दाबून टाकतो, म्हणजे तेव्हा खरा अंदाजही येत नाही.

कास

आधी मागून उभं राहून बघा. चारही भाग सारखे दिसले पाहिजेत. सड सारख्या लांबीचे आणि एकमेकांपासून अंतर राखून असावेत. म्हशीत मागचे सड थोडे लांब असतात, ते चालतं. एक भाग आकसलेला असेल तर त्या भागाला पूर्वी दगडी, म्हणजे कासेची सूज, होऊन तो वाया गेलेला असतो. मागच्या दोन भागांतून पुढच्यांपेक्षा जास्त दूध येतं, त्यामुळे मागचा एक सड बंद म्हणजे एकूण दुधाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त दूध गेलं.

आता म्हैस पिळायला सांगा, आणि पूर्ण पिळायला सांगा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या ताटलीत किंवा गडद कापडावर घ्या. गुठळ्या, दह्यासारखे कण, पाण्यासारखं पातळ किंवा रक्ताची छटा असलेलं दूध म्हणजे दगडी चालू आहे.

वरवर चांगलं दिसणाऱ्या दुधातही दगडी दडलेली असू शकते. त्यासाठी घरगुती चाचणी आहे. अर्धा लिटर पाण्यात साधारण १५ ग्रॅम कपडे धुण्याची पावडर घरीच विरघळवून बाटलीत भरून न्या. बाजारात चार वाट्यांत चार सडांचं दूध वेगवेगळं घ्या, प्रत्येकात तेवढंच पावडरीचं पाणी घाला आणि मिनिटभर वाटी गोल फिरवा. चारही वाट्या पातळ राहिल्या तर ठीक. एखादीत शेंबडासारखा चिकट गोळा झाला तर त्या सडात सूज आहे. दगडीत दुधात पांढऱ्या पेशी वाढतात आणि पावडरीमुळे त्या फुटून असं चिकट होतं. अगदी ताज्या चिकात आणि आटत आलेल्या म्हशीच्या दुधातही थोडा चिकटपणा येतो, पण तो चारही वाट्यांत सारखा असतो. एकच वाटी वेगळी निघाली तर पुढे विचार न करता ती म्हैस सोडायची.

पिळून झाल्यावर कासेला हात लावा. ही या सगळ्यातली सर्वांत मोलाची दोन मिनिटं. चांगली कास रिकामी झाली की ओल्या कापडासारखी लुळी पडते, मागच्या बाजूला सुरकुत्या पडतात, कातडी चिमटीत धरली तर सहज सुटून येते. मांसल कास पिळल्यानंतरही तेवढीच दिसते. तिच्यात दूध बनवणारा भाग कमी, मांस आणि चरबी जास्त. तळहात सपाट ठेवून प्रत्येक भाग वेगवेगळा चाचपा. लिंबाएवढी किंवा सुपारीएवढी टणक गाठ लागली तर ती जुन्या दगडीची खूण. तिथलं मांस कडक झालेलं असतं, औषधाने ते परत मऊ होत नाही.

दुधाचा हिशेब, एका म्हशीवर

समजा एका म्हशीबद्दल विकणारा सांगतो: दुसरं वेत, व्यायला पंधरा दिवस, एका वेळचं सहा लिटर, दिवसाचं बारा, आणि किंमत १ लाख २० हजार. घेणाऱ्याने सकाळी ८ वाजता तिला पूर्ण पिळून घेतलं. दूध निघालं ७ लिटर. विकणारा खूश, 'मी कमीच सांगितलं होतं'. हे दूध हिशेबात धरायचं नाही, कारण ते किती तासांचं आहे हे कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

घेणाऱ्याने इसार म्हणून थोडे पैसे दिले, म्हशीला सावलीत बांधून कडबा-पाणी दिलं, पारडू लांब बांधलं आणि तिथेच थांबला. दुपारी २ वाजता पुन्हा पिळली. निघालं २ लिटर. सहा तासांत २ लिटर, म्हणजे चोवीस तासांत सुमारे ८ लिटर. कासेत दूध तासातासाला जवळपास सारखंच जमत जातं, म्हणून हा गुणाकार चालतो. बाजारातली गर्दी, धूळ आणि उन्हाचा ताण म्हणून वर थोडं जास्त धरलं, तरी म्हैस नऊ लिटरच्या आसपासची. बाराची नाही.

याच आकड्यावरून मागचंही उलगडतं. तासाला सुमारे एक तृतीयांश लिटर या वेगाने सकाळचे ७ लिटर जमायला वीस तासांहून जास्त लागले असतील. म्हणजे म्हैस आदल्या दिवशी सकाळच्या धारेनंतर पिळलीच नव्हती.

या हिशेबात दोन ठिकाणी चूक होते. सकाळी म्हशीने पूर्ण पान्हा सोडला नसेल, तर राहिलेलं दूध दुपारच्या मापात मिसळतं आणि आकडा फुगतो. म्हणून सकाळी कास खरंच लुळी झाली का ते बघून मगच घड्याळ लावायचं. दुसरी चूक फेसाची. म्हशीच्या दुधाला भरपूर फेस येतो आणि बादलीतलं माप तोंडापर्यंत दिसतं. घरून साधा हातातला वजनकाटा न्या, रिकाम्या बादलीचं वजन वजा करा; एक लिटर दूध साधारण एक किलो तीस ग्रॅम भरतं.

आता बाकीचे साक्षीदार. त्या म्हशीचे दात बघितले: आठही जुळलेले, मधली जोडी सपाट घासलेली. म्हणजे दुसरं नाही, चौथं-पाचवं वेत. पारडू कडबा खाऊन रवंथ करत होतं आणि बेंबीवर काही उरलं नव्हतं. पंधरा दिवस नव्हे, महिना उलटून गेलेला. कास मागच्या उजव्या भागात रिकामी झाल्यावरही टणक होती आणि त्याच सडाची वाटी चिकट झाली. विकणाऱ्याने किंमत २० हजारांनी उतरवली तरी पहिलं जनावर म्हणून ती सोडलेलीच बरी. ज्याच्या गोठ्यात आधीच चार म्हशी आहेत, त्याला एक कमी सड परवडतो. एकाच म्हशीवर दुधाचा रतीब घालणाऱ्याला परवडत नाही.

धार आणि स्वभाव

'मारस नही भाऊ, पोरं बी दोही लेतस,' हे प्रत्येक म्हशीबद्दल ऐकायला मिळतं. गाडीतून उतरलेली, तहानलेली आणि गर्दीत बावरलेली म्हैस गरीबच दिसते. स्वभाव बघायचा तो दुपारच्या धारेला, चारा-पाणी झाल्यावर, आणि धार विकणाऱ्याने नव्हे, आपल्या माणसाने काढायची. घरी रोज बाईमाणूस पिळणार असेल तर तिलाच बाजारात घेऊन जा. म्हशीला साडीची, आवाजाची, हाताची सवय लागते, आणि पुरुषाला सहज पिळू देणारी म्हैस बाईला लाथ घालू शकते. विकणारा कुठल्या बाजूने बसतो ते बघून त्याच बाजूने बसा.

लाथ मारण्याचे दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. कासेला हात लागताच चारही सडांना पाय उचलणारी म्हैस सवयीने वाईट आहे. फक्त एका सडाला हात लागला की पाय आपटणारी म्हैस दुखण्याने करते. त्या सडाला भेग, फोड किंवा आतून सूज असेल. पहिला स्वभाव बदलायला महिने जातात. दुसऱ्याचं कारण सापडतं, पण तिची दुधाची वाटी पुन्हा एकदा तपासा. मागच्या पायांच्या घोट्यांवर दोरीचे जुने वळ दिसले तर ती रोज पाय बांधून पिळली जाते.

पान्हा चोरणारी म्हैस मारकी नसते, म्हणून ती लक्षात येत नाही. पारडू लावल्यावर किंवा कास चोळल्यावर म्हशीला पान्हा सोडायला दोनएक मिनिटं लागतात. गायीपेक्षा जास्त वेळ, आणि तो साहजिक आहे. पण पाच-सात मिनिटं होऊनही सड रिकामेच, थोडं दूध आलं की पुन्हा बंद, नंतर पारडू सोडलं की धो धो, असं झालं तर दूध कासेत आहे पण तुम्हाला मिळणार नाही. पारड्याशिवाय, पुढ्यात नुसती ढेप ठेवून पान्हा सोडते का हेही करून बघा. पारडू कधी दगावलं तर अशीच म्हैस दूध देत राहते.

धारेच्या आधी कुणी म्हशीला सुई टोचताना दिसलं तर तिथेच थांबा. पान्हा सोडवण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणं हा बेकायदा प्रकार अजून काही ठिकाणी चालतो. सुईवर सवय लागलेली म्हैस पारड्याला किंवा हाताला दाद देत नाही. सुई न देता, तुमच्यासमोर काढलेली धारच खरी.

पैसे देण्याआधी

कानातला पिवळा बिल्ला आणि त्यावरचा १२ आकडी क्रमांक पावतीवर उतरवून घ्या. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. लसीकरणाची नोंदही त्याच क्रमांकावर असते. शक्य असेल तर पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासून घ्या आणि सांसर्गिक गर्भपाताच्या रोगासाठी रक्त तपासून घ्या; हा रोग कच्च्या दुधातून माणसालाही होतो. विकणारा कोणती ढेप आणि किती देतो ते विचारा आणि पहिले आठ दिवस तीच, तेवढीच द्या.

घरी आणल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत दूध नक्की कमी पडेल. आठ लिटरची म्हैस सहावर येईल. जागा, पाणी आणि हात बदलल्याचा हा परिणाम असतो. ढेप एकदम वाढवली तर पोट बिघडतं आणि दूध आणखी उतरतं. पाणी मोकळं ठेवा, धारेच्या वेळा ठरवा, पिळणारं माणूस बदलू नका. आठव्या दिवशी सकाळ-संध्याकाळचं दूध मोजा आणि बाजारातल्या आकड्याशी ताडून बघा.